बारावीची केमिस्ट्री: शेवटच्या चार आठवड्यांत काय, किती आणि कधी

परीक्षा जवळ येते, प्रॅक्टिकलचे ३० गुण वेगळे असतात आणि बारावी सायन्सच्या घराघरांत ७० गुणांच्या लेखी केमिस्ट्रीचं वेळापत्रक भिंतीवर चढतं. त्यातली बहुतेक वेळापत्रकं एकाच धाटणीची असतात: पहिला आठवडा ऑर्गॅनिक, दुसरा फिजिकल, तिसरा इनऑर्गॅनिक आणि चौथ्यात पेपर सोडवायचे. दिसायला हे नीटनेटकं आहे, पण माझ्या मते शेवटच्या महिन्यासाठी हा सर्वांत वाईट आराखडा आहे. पहिल्या आठवड्यात केलेलं ऑर्गॅनिक तिसरा आठवडा संपेपर्यंत पुन्हा उघडलंच जात नाही आणि चौथ्या आठवड्यात पहिला पेपर सोडवताना बाणावरचे रिएजंट आठवेनासे होतात.

राज्य मंडळाच्या पुस्तकात १६ प्रकरणं आहेत. सॉलिड स्टेटपासून केमिकल कायनेटिक्सपर्यंतची पहिली सहा फिजिकलची. नंतरची तीन इनऑर्गॅनिकची, म्हणजे १६, १७ आणि १८ या गटांतली मूलद्रव्यं, ट्रान्झिशन मूलद्रव्यं आणि कोऑर्डिनेशन कंपाउंड्स. त्यापुढची सहा ऑर्गॅनिकची. शेवटी ग्रीन केमिस्ट्री आणि नॅनोकेमिस्ट्रीचं छोटं प्रकरण. गुणांचा हिशेब केला तर साधारण २५-२६ गुण फिजिकलकडे, १७-१८ इनऑर्गॅनिकच्या तीन प्रकरणांकडे आणि उरलेले ऑर्गॅनिक व शेवटच्या प्रकरणाकडे जातात. विभाग अ मधले १० बहुपर्यायी आणि ८ एका गुणाचे प्रश्न सक्तीचे आहेत. पुढे दोन गुणांचे १२ पैकी ८, तीन गुणांचे १२ पैकी ८ आणि चार गुणांचे ५ पैकी ३ सोडवायचे. म्हणजे पर्याय भरपूर आहेत, पण सक्तीचे १८ गुण पुस्तकभर विखुरलेले असतात. त्यामुळे एखादं प्रकरण अजिबात न उघडता सोडून देणं परवडत नाही. मात्र एखाद्या प्रकरणातला चार गुणांचा प्रश्न सोडून देणं परवडतं, आणि कोणता सोडायचा हे आधी ठरवलेलं बरं.

तिन्ही विभाग एकाच विषयाचे असले तरी ते विसरण्याची रीत वेगळी आहे. फिजिकलमधली संकल्पना सहसा डोक्यातून जात नाही, जातो तो हात. आठ दिवस आकडेमोड केली नाही की लॉग टेबल परकं वाटायला लागतं. ऑर्गॅनिकमध्ये एकेक रिअ‍ॅक्शन आठवते, पण त्यांना जोडणारी वाट हरवते. इनऑर्गॅनिकमधले तपशील तर दोन-तीन दिवसांतच पुसट होऊ लागतात. म्हणून तिन्ही विभाग रोज थोडे थोडे हवेत. इतर विषय सांभाळून केमिस्ट्रीला रोज अडीच तास मिळत असतील, तर तासभर फिजिकल, पाऊण-पन्नास मिनिटं ऑर्गॅनिक आणि इनऑर्गॅनिकसाठी वीस-वीस मिनिटांच्या दोन बैठका, एक रात्री आणि एक दुसऱ्या दिवशी सकाळी, अशी वाटणी मला योग्य वाटते.

फिजिकलच्या तासात पुस्तक वाचत बसू नये. डेरिव्हेशन एकदा लिहून काढायचं आणि लगेच न्यूमेरिकलकडे वळायचं. बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. वर्षभर मोबाइलवर भागाकार केलेल्या मुलांना ही गोष्ट शेवटच्या महिन्यात जाणवते. कायनेटिक्समधलं एक नेहमीचं उदाहरण घेऊ. एक फर्स्ट ऑर्डर रिअ‍ॅक्शन १० मिनिटांत २० टक्के पूर्ण होते, तर ७५ टक्के पूर्ण व्हायला किती वेळ लागेल?

सूत्र सगळ्यांना येतं: k = (2.303/t) log([A]₀/[A]ₜ). सुरुवातीला १०० धरले, २० टक्के संपले, म्हणजे उरले ८०. तेव्हा १०० भागिले ८० म्हणजे १.२५ आणि त्याचा लॉग ०.०९६९. यावरून k येतो ०.०२२३ प्रति मिनिट. आता ७५ टक्के संपल्यावर उरतात २५, म्हणून १०० भागिले २५ म्हणजे ४ आणि त्याचा लॉग ०.६०२१. वेळ येतो ६२.१ मिनिटं.

यातली ठरलेली चूक म्हणजे ‘२० टक्के पूर्ण’ वाचून उरलेल्याच्या जागी ८० ऐवजी २० लिहिणं. तसं केलं की १०० भागिले २० चा लॉग ०.६९९० मिळतो. पुढच्या पायरीला २५ बरोबर घेतले, तर उत्तर साधारण ८.६ मिनिटं येतं. इथे क्षणभर थांबलं तर चूक आपोआप उघडी पडते. २० टक्क्यांना १० मिनिटं लागली असतील, तर ७५ टक्क्यांना त्याहून कमी वेळ कसा लागेल? दुसरी पडताळणीही हाताशी आहे. ७५ टक्के म्हणजे नेमके दोन हाफ-लाइफ. ०.६९३ ला ०.०२२३ ने भागलं की ३१ मिनिटं येतात आणि त्याची दुप्पट ६२. उत्तर जुळलं. अशी तीस सेकंदांची तपासणी प्रत्येक न्यूमेरिकलनंतर करायची सवय याच चार आठवड्यांत लावता येते, आणि नवीन वीस गणितं सोडवण्यापेक्षा ती जास्त गुण वाचवते.

लॉग टेबलची दुसरी खोच अँटिलॉगमध्ये आहे. आयॉनिक इक्विलिब्रियामध्ये ०.०१ मोलर अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा pH काढायचा असतो आणि Ka १.८ × १०⁻⁵ दिलेला असतो. हायड्रोजन आयनची संहती म्हणजे १.८ × १०⁻⁷ चं वर्गमूळ. त्याचा लॉग येतो −३.३७२४. इथून संहती काढताना बरीच मुलं थेट ०.३७२४ चा अँटिलॉग बघतात आणि २.३५७ × १०⁻³ असं उत्तर लिहितात. ते चूक आहे, कारण टेबलमधला अपूर्णांक नेहमी धन असतो. −३.३७२४ म्हणजे −४ अधिक ०.६२७६. ०.६२७६ चा अँटिलॉग ४.२४२, म्हणून संहती ४.२४ × १०⁻⁴ मोलर. आणि फक्त pH विचारला असेल, तर अँटिलॉगच्या वाटेला जायची गरजच नाही. त्या लॉगचं चिन्ह बदललं की pH ३.३७. परीक्षेत नको तिथे अँटिलॉग काढून वेळ घालवणारे आणि वर चूक करून येणारे विद्यार्थी दरवर्षी असतात.

न्यूमेरिकलमध्ये सूत्र, किमती घालणं आणि एककासह उत्तर असे गुण वाटले जातात. त्यामुळे आकडेमोड अडकली तरी सूत्र आणि किमती स्वच्छ लिहून पुढे जावं. एकक विसरल्यावर कापला जाणारा अर्धा गुण सगळ्यांत फुकट जातो. गॅस कॉन्स्टंट ८.३१४ घेतला असेल, तर एन्थाल्पी किलोज्युलमध्ये दिली आहे की ज्युलमध्ये, हे बघितल्याशिवाय पेन चालवू नये. थर्मोडायनॅमिक्समधल्या निम्म्या चुका याच एका ठिकाणी होतात, असं म्हणायला मला संकोच वाटत नाही.

ऑर्गॅनिकची उजळणी प्रकरणानुसार करू नये, असं माझं ठाम मत आहे. हॅलोजन डेरिव्हेटिव्ह्ज, अल्कोहोल, अल्डिहाइड-कीटोन-अ‍ॅसिड आणि अमाइन ही चार प्रकरणं पुस्तकात एकापाठोपाठ येतात, पण प्रश्न त्यांच्या मधल्या वाटांवर येतात. कन्व्हर्जनच्या प्रश्नात तर सुरुवात एका प्रकरणात असते आणि शेवट दुसऱ्या. म्हणून एक कोरा कागद घ्यावा, मध्ये एकच रेणू लिहावा आणि त्याच्यापासून निघणाऱ्या वाटा काढाव्यात.

ब्रोमोइथेन घेऊन बघा. पाण्यातलं KOH दिलं तर इथेनॉल, अल्कोहोलमधलं KOH दिलं तर इथीन. अल्कोहोलमधला अमोनिया जास्त प्रमाणात दिला तर इथेनामाइन. सोडियम इथॉक्साइड दिलं तर डायइथाइल ईथर, आणि या रिअ‍ॅक्शनला विल्यमसनचं नाव आहे. KCN दिलं तर प्रोपेननायट्राइल, पण AgCN दिलं तर आयसोसायनाइड. KCN आयॉनिक असल्यामुळे कार्बनच्या टोकाने हल्ला करतं, AgCN कोव्हॅलंट असल्यामुळे नायट्रोजनचं टोक पुढे येतं. ‘अल्कोहोलमधलं’ की ‘पाण्यातलं’ हा एक शब्द बाणावर लिहायचा राहिला तर पूर्ण उत्तर बदलतं, म्हणून पेपर तपासणारे बाणावरच्या या शब्दांकडे बारकाईने बघतात.

आता कन्व्हर्जन सोडवण्याची रीत. पहिलं काम म्हणजे कार्बन मोजणं. इथेनॉलपासून तीन वेगवेगळे अमाइन करायचे आहेत असं समजा: मिथेनामाइन, इथेनामाइन आणि प्रोपेन-१-अमाइन. इथेनॉलमध्ये दोन कार्बन आहेत. इथेनामाइनमध्येही दोनच, म्हणजे कार्बन तेवढेच ठेवायचे. इथेनॉलवर PBr₃ ने ब्रोमोइथेन, मग अल्कोहोलमधला अमोनिया, काम झालं. प्रोपेन-१-अमाइनमध्ये तीन कार्बन, म्हणजे एक वाढवायचा. एक कार्बन वाढवायचा म्हटलं की पहिल्यांदा KCN आठवलं पाहिजे. ब्रोमोइथेनपासून प्रोपेननायट्राइल आणि मग सोडियम व इथेनॉलने रिडक्शन, हीच मेंडियस रिअ‍ॅक्शन. मिथेनामाइनमध्ये एकच कार्बन, म्हणजे एक कमी करायचा. कार्बन कमी करायचा म्हटलं की हॉफमन डिग्रेडेशन. त्यासाठी अमाइड हवं, अमाइडसाठी अ‍ॅसिड हवं. मग इथेनॉलचं ऑक्सिडेशन करून इथेनॉइक अ‍ॅसिड, त्यात अमोनिया घालून तापवलं की इथेनामाइड, आणि त्यावर ब्रोमीन व KOH घातलं की मिथेनामाइन. तीन प्रश्न, सुरुवात एकच, आणि तिन्हींची वाट कार्बनच्या संख्येने ठरली. रोज असे दोन-तीन कागद केले तर दोन आठवड्यांत मुख्य कन्व्हर्जन हाताखालून जातात.

नावाच्या रिअ‍ॅक्शनची लांबलचक यादी पाठ करण्यापेक्षा प्रत्येकीला एक प्रश्न जोडावा. अल्डिहाइडच्या बाबतीत तो प्रश्न असा: अल्फा हायड्रोजन आहे का? असेल तर पातळ अल्कलीसोबत आल्डॉल कंडेन्सेशन. नसेल तर तीव्र अल्कलीसोबत कॅनिझारो, म्हणजे निम्म्या रेणूंचं अल्कोहोल आणि निम्म्यांचं अ‍ॅसिडचं मीठ. फॉर्माल्डिहाइड आणि बेंझाल्डिहाइड दुसऱ्या गटात, अ‍ॅसेटाल्डिहाइड पहिल्या. असं जोडलं की रिएजंट विसरला तरी निदान कोणती रिअ‍ॅक्शन होणार हे विसरत नाही. बायोमॉलिक्युल्स आणि पॉलिमर या प्रकरणांना मात्र वेगळी वागणूक द्यावी. तिथे वाटा फारशा नाहीत, माहिती आहे. पॉलिमरमध्ये नायलॉन ६, नायलॉन ६,६, टेरिलीन, ब्युना-एस यांचे मोनोमर आणि एकेक उपयोग, ग्लुकोजची रचना सिद्ध करणाऱ्या रिअ‍ॅक्शन आणि डीएनए-आरएनएमधला फरक, एवढ्यासाठी दोन संध्याकाळी पुरतात. ग्रीन केमिस्ट्रीसाठी अ‍ॅनास्टस आणि वॉर्नर यांची बारा तत्त्वं व अ‍ॅटम इकॉनॉमीचं सूत्र एका बैठकीत होतं. या स्वस्तातल्या गुणांकडे हुशार मुलंच जास्त दुर्लक्ष करतात.

इनऑर्गॅनिकला पाठांतराचा विषय म्हणून बदनाम केलं गेलंय, आणि त्यात अर्धंच खरं आहे. तीनपैकी कोऑर्डिनेशन कंपाउंड्स हे प्रकरण जवळजवळ पूर्ण तर्काचं आहे. कोबाल्टचा अणुक्रमांक २७. Co³⁺ मध्ये 3d⁶ उरतात. त्याभोवती सहा अमोनिया आले, तर लिगँड जोरदार असल्यामुळे सहाही इलेक्ट्रॉन तीन जोड्यांत बसतात, दोन d ऑर्बिटल रिकामे होतात, d²sp³ हायब्रिडायझेशन होतं आणि कॉम्प्लेक्स डायमॅग्नेटिक ठरतं. तिथेच सहा फ्लोराइड आले, तर लिगँड कमजोर असल्यामुळे इलेक्ट्रॉन जोडीत बसत नाहीत, चार एकटे राहतात, हायब्रिडायझेशन sp³d² होतं आणि मॅग्नेटिक मोमेंट √२४, म्हणजे सुमारे ४.९ बोहर मॅग्नेटॉन येतो. इलेक्ट्रॉनची चौकट काढायला आली की हा तीन गुणांचा प्रश्न हातचा झाला. म्हणून या प्रकरणाला पाठांतराच्या वीस मिनिटांत कोंबू नये. फिजिकलच्या तासातली पंधरा मिनिटं काढून ते पेनाने सोडवावं.

ट्रान्झिशन मूलद्रव्यं आणि १६, १७, १८ या गटांत ‘कारण द्या’ हा प्रश्न हमखास येतो. पुस्तकात अशी कारणं डझनावारी दिसतात, पण नीट पाहिलं तर मूळ कारणं चार-पाचच आहेत: लहान आकार, जास्त इलेक्ट्रोनिगेटिव्हिटी, d ऑर्बिटल नसणं, अर्धी किंवा पूर्ण भरलेली d कक्षा आणि लँथनॉइड कॉन्ट्रॅक्शन. F₂ मधला बंध Cl₂ मधल्या बंधापेक्षा कमजोर का? फ्लोरीनचा अणू इतका लहान की दोन्ही अणूंवरच्या एकट्या जोड्या एकमेकींना ढकलतात. HF द्रवरूप आणि HCl वायुरूप का? फ्लोरीनच्या इलेक्ट्रोनिगेटिव्हिटीमुळे हायड्रोजन बंध. क्रोमियमची रचना 3d⁵4s¹ का? अर्धी भरलेली d कक्षा. झिर्कोनियम आणि हाफनियमचा आकार जवळपास सारखा का? मध्ये लँथनॉइड कॉन्ट्रॅक्शन झालं. वहीच्या एका पानावर ही पाच कारणं लिहून त्याखाली पुस्तकातले सगळे ‘कारण द्या’ मांडून बघावेत, मग खरोखर पाठ करण्यासारखं किती उरतं ते कळतं.

जे उरतं ते रात्री वाचावं आणि सकाळी पुस्तक न उघडता कागदावर लिहावं. उदाहरणार्थ, सल्फ्युरिक अ‍ॅसिडची काँटॅक्ट प्रोसेस: V₂O₅ कॅटॅलिस्ट, SO₂ पासून SO₃, मग ओलियम. SO₃ थेट पाण्यात का घालत नाहीत, तर अ‍ॅसिडचं धुकं होतं आणि ते धरता येत नाही. सकाळी कागदावर जे येणार नाही त्यावर खूण करावी आणि त्या रात्री तेवढंच पुन्हा वाचावं. नुसतं परत परत वाचलं की ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं नव्हे, हे पेपरातच कळतं.

तिसऱ्या आठवड्यापासून तीन तासांचे पूर्ण पेपर घ्यावेत, आठवड्याला दोन पुरेत. त्याहून महत्त्वाचं काम पेपर तपासल्यावर असतं. गेलेले गुण विभागवार मांडायचे आणि प्रत्येकापुढे कारण लिहायचं: आठवलं नाही, हिशेब चुकला, की प्रश्न नीट वाचला नाही. समजा ७० पैकी ४८ पडले. गेलेल्या २२ पैकी ९ फिजिकलमधले, ८ इनऑर्गॅनिकमधले आणि ५ ऑर्गॅनिकमधले. वरवर पाहिलं तर फिजिकलला वेळ वाढवावा असं वाटेल. पण त्या नवातले सात हिशेबात गेले असतील, तर पुन्हा प्रकरणं वाचून काहीच उपयोग नाही. तिथे रोज पाच न्यूमेरिकल घड्याळ लावून, पडताळणीसह सोडवायला हवेत आणि वाचलेला वेळ इनऑर्गॅनिकच्या दोन बैठकांना द्यायला हवा, कारण ते आठ गुण ‘आठवलं नाही’ या कारणाने गेलेत. पुढच्या पेपरनंतर हीच मांडणी पुन्हा करायची. विभागांमधला समतोल असा दर आठवड्याला नव्याने ठरतो, भिंतीवरच्या वेळापत्रकाने ठरत नाही.

‘आयएमपी’ प्रश्नांच्या यादीबद्दल एवढंच सांगतो की ती तुमच्या वर्गमित्राकडेही असते आणि तिने सक्तीचे १८ गुण मिळत नाहीत. बहुपर्यायी प्रश्नात पर्यायाच्या अक्षरासोबत उत्तरही लिहावं लागतं आणि पहिलंच उत्तर ग्राह्य धरलं जातं, त्यामुळे खोडून दुसरं लिहायची मुभा आहे असं समजू नका.

परीक्षेच्या आदल्या दिवशी नवीन न्यूमेरिकल हातात घेऊ नका. सकाळी लॉग टेबलवर चार गणितं, एवढा सराव हात गरम ठेवायला पुरतो. दुपारी ऑर्गॅनिकचे कागद एकदा डोळ्यांखालून घाला. संध्याकाळ मात्र पूर्ण इनऑर्गॅनिकला द्या, कारण सगळ्यांत लवकर विसरतं ते सगळ्यांत शेवटी वाचलेलं चांगलं.